बर्फाकडे शेवटी बघा

फोटोत पांढरं अस्वल असलं तर उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश, पेंग्विन असला तर दक्षिणेकडचा. इथवर शाळेतल्या पोरालाही येतं. अडचण पुढे आहे, कारण ध्रुवीय प्रदेशांतून येणाऱ्या बहुतेक फोटोंत अस्वलही नसतं आणि पेंग्विनही नसतो. असते ती एक हिमनदी, तिच्यासमोर थोडं पाणी, बाजूला उघडाबोडका तपकिरी डोंगर आणि कोपऱ्यात लाल जाकिटातला एखादा माणूस. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथून आपले शास्त्रज्ञ दोन्हीकडे जातात. उत्तरेला स्वालबार्ड बेटांवरच्या ‘हिमाद्री’त, दक्षिणेला अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांवर. या तिन्ही ठिकाणचे फोटो एकाच ढिगात मिसळले आणि त्यांखालच्या ओळी हरवल्या, तर कुठला कुठला हे कसं ओळखायचं?

डोळा साहजिकच आधी बर्फाकडे जातो आणि तिथेच फसगत होते. बर्फ इकडेही निळा असतो, तिकडेही निळा असतो. कडे दोन्हीकडे कोसळतात, भेगा दोन्हीकडे पडतात. माझ्या मते अशा फोटोत बर्फ हा सगळ्यांत कच्चा साक्षीदार. त्याच्या भोवतीचं जे असतं, म्हणजे उजेड, जमीन, पाणी आणि पाखरं, ते आधी बोलतं करावं आणि बर्फाला शेवटी विचारावं.

सगळा फरक येतो तो नकाशातून. उत्तर ध्रुव समुद्रात आहे आणि त्या समुद्राला अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वे, सैबेरिया यांनी वेढलं आहे. दक्षिण ध्रुव जमिनीवर आहे आणि त्या खंडाला चहूबाजूंनी समुद्राने तोडलं आहे. उत्तरेत झाडं, प्राणी, माणसं हळूहळू चालत वर सरकू शकली. दक्षिणेत जे पोचलं ते उडत किंवा पोहत. त्यात नॉर्वेच्या बाजूला अटलांटिकचा कोमट प्रवाह वरपर्यंत जातो. ‘हिमाद्री’ ज्या नी-ऑलेसुंद गावात आहे, ते 78 अंश 55 मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. तिथे उन्हाळ्यात पाऊस पडतो, गवत उगवतं, फुलं येतात, रेनडिअर चरतात. दक्षिणेला जवळपास तितक्याच अक्षांशावर रॉस बेटावरचा मॅकमर्डो तळ आहे. तिथे काळी ज्वालामुखी खडी आहे, फुलणारं एकही झाड नाही.

आता उजेड. फोटोची तारीख ठाऊक असेल तर अर्धं काम तिथेच संपतं. डिसेंबरात भर उन्हात काढलेला ध्रुवीय फोटो दक्षिणेचाच असणार, कारण नी-ऑलेसुंदला ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यानंतरच पुन्हा डोकं वर काढतो. जूनचं रखरखीत ऊन असेल तर उत्तर. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये `DateTimeOriginal` नावाची नोंद असते, ती बघावी. मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. थंडीत बॅटरी मान टाकते आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं घड्याळ मग 1 जानेवारीवर जाऊन बसतं. जानेवारी म्हणजे दक्षिण, असं आपण म्हणून मोकळे होतो आणि उत्तरेतला फोटो अंटार्क्टिकात जाऊन पडतो. तारीख नेमकी 1 जानेवारी आणि वेळ मध्यरात्रीनंतरची काही मिनिटं अशी नोंद दिसली, तर ती नाहीच असं समजावं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत तर ही नोंद बहुधा उरतच नाही.

तारीख नसेल तेव्हा सावली कामाला येते, पण ती काय सांगते हे नीट समजून घ्यावं लागतं. ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी सूर्य किती वर चढतो याचा हिशेब सोपा आहे: 90 मधून अक्षांश वजा करायचा आणि 23.4 मिळवायचे. नी-ऑलेसुंदला उत्तर येतं साधारण साडेचौतीस अंश. सूर्य याहून वर कधीच जात नाही, त्यामुळे सपाट जमिनीवर माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दीडपट तरी पडतेच. पर्यटकांची जहाजं अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या ज्या भागात जातात, तो बहुतेक 62 ते 66 अंशांत आहे. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य 48 अंशांवर जातो आणि सावली माणसापेक्षा आखूड होते. सावली आखूड दिसली की स्वालबार्ड बाद. पण म्हणून दक्षिण सिद्ध झाली असं नाही. पूर्व ग्रीनलंडमधलं तासिलाक गावही 65 अंशांवरच आहे. सावली अक्षांश सांगते, गोलार्ध सांगत नाही.

हीच गोष्ट सूर्यास्ताची. हिमनगांवर पसरलेला गुलाबी-नारिंगी उजेड पाहून ‘मध्यरात्रीचा सूर्य’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. गंमत अशी, की अंटार्क्टिकाचे जे फोटो आपण सर्वांत जास्त पाहतो, ते अंटार्क्टिक वृत्ताच्या बाहेरचे असतात. हे वृत्त साधारण साडेसहासष्ट अंशांवर आहे आणि द्वीपकल्पाचं टोक त्याच्या अलीकडे येतं. तिथे डिसेंबरातही सूर्य मावळतो, थोडाच वेळ क्षितिजाखाली जातो आणि संधिप्रकाश मात्र तासन्‌तास रेंगाळतो. स्वालबार्डला एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्यास्त होतच नाही. मध्यरात्रीही जूनमधला सूर्य क्षितिजावर बारा अंश असतो. उजेड तिरपा आणि मऊ होतो, पण आकाश पेटत नाही.

गोलार्ध सांगणारी उजेडाची एक खूण मात्र पक्की आहे आणि ती फारसं कुणी वापरत नाही. सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं तर उत्तरेत तो डावीकडून उजवीकडे सरकतो, दक्षिण ध्रुवाकडे उजवीकडून डावीकडे. त्यामुळे एकाच जागेवरून तासाभराच्या अंतराने काढलेले दोन फोटो मिळाले, तर काम झालं. सावली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली असेल तर उत्तर, उलट फिरली असेल तर दक्षिण. तासाला सुमारे पंधरा अंशांचा फरक पडतो, तो नुसत्या डोळ्यांना कळतो. छपाईत किंवा संगणकावर फोटो उलटा, म्हणजे डाव्याचा उजवा झालेला नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं. जाकिटावरची किंवा बोटीवरची अक्षरं वाचली की ते समजतं.

प्राण्यांकडे वळू. अस्वल आणि पेंग्विन सोडून दिले तरी पाखरं जवळजवळ प्रत्येक फोटोत असतात, फक्त ठिपक्याएवढी. फोटो मोठा करून ती पाहावीत. हिमनदीच्या तोंडाशी पाण्यावर पांढऱ्या, राखाडी पाठीच्या कुरवांचा थवा दिसला, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी असली, तर तो किटिवेक आणि फोटो उत्तरेचा. अंटार्क्टिकात घरटं करणारा कुरव एकाच जातीचा, केल्प गल, आणि त्याची पाठ काळी असते. कड्याच्या अरुंद कपारींवर ओळीने उभे असलेले काळे-पांढरे, ताठ पक्षी पाहून ‘पेंग्विन’ म्हणण्याचा मोह होतो. ते गिलेमॉट. उत्तरेतच राहतात आणि उत्तम उडतात. उभ्या कड्याच्या मध्यावर, शंभर फूट उंचीवर, पेंग्विन पोचेल कसा, एवढा प्रश्न विचारला तरी पुरे. सुरय पक्ष्यावर मात्र भिस्त ठेवू नये. आर्क्टिक सुरय दरवर्षी उत्तरेतून दक्षिणेत जातो आणि परत येतो, म्हणजे तो दोन्हीकडचा रहिवासी. शिवाय दक्षिणेत त्याचा एक भाऊबंद राहतो, अंटार्क्टिक सुरय. विणीच्या दिवसांत दोघांचीही टोपी काळी आणि चोच लाल. मोठमोठ्या मासिकांतही यांच्या नावांची अदलाबदल होते.

सीलच्या बाबतीत जात ओळखण्यापेक्षा त्याची वागणूक पाहणं मला जास्त भरवशाचं वाटतं. उत्तरेत बर्फावर पडलेल्या सीलला पांढऱ्या अस्वलाची धास्ती असते. तो आपल्या भोकाला किंवा बर्फाच्या कडेला चिकटून पडतो, काही क्षण डुलकी घेतो आणि मान उचलून चौफेर पाहतो. फोटो बहुधा लांबून, मोठ्या लेन्सने काढलेला असतो आणि त्यात सीलची मान वर असते. दक्षिणेत सीलला जमिनीवर कुणाचं भय नाही. त्याचे शत्रू पाण्यात: ऑर्का आणि लेपर्ड सील. बर्फावर आला की तो सुरक्षित. म्हणून वेडेल सील पाण्यापासून दूर, पोट वर करून, घोरत पडलेला दिसतो आणि माणूस काही पावलांवर असला तरी एखादा डोळा उघडून पुन्हा मिटतो. फोटोत सील जवळून, मागच्या डोंगरासकट, साध्या रुंद लेन्समध्ये मावलेला असेल, तर दक्षिणेकडे झुकायला हरकत नाही.

माणसांबरोबरच्या गोष्टीही हेच सांगतात. वाटाड्याच्या खांद्यावर रायफल दिसली तर स्वालबार्ड किंवा ग्रीनलंड. स्वालबार्डमध्ये गावाबाहेर पडताना अस्वलापासून बचावाची साधनं जवळ बाळगावीच लागतात. अंटार्क्टिकात त्यांचं काही कामच नाही. घसरगाडी ओढणारे कुत्रे असलेला आजचा रंगीत फोटो उत्तरेचाच, कारण अंटार्क्टिकातून सगळे कुत्रे 1994 पर्यंत हलवणं तिथल्या पर्यावरण कराराने बंधनकारक केलं होतं. त्याआधीच्या जुन्या फोटोंना मात्र हा नियम लागू नाही. शॅकल्टन, अमुंडसेन यांचे कुत्रे दक्षिणेतलेच होते.

रेनडिअरचं म्हणाल तर ते उत्तरेचे, यात शंका नाही. तरीही एका ठिकाणी हा नियम कोसळतो. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर 1911 मध्ये नॉर्वेच्या देवमाशांच्या शिकाऱ्यांनी मांसासाठी रेनडिअर आणून सोडले. ते तिथे रुजले, वाढले आणि शंभर वर्षं गवत फस्त करत राहिले. 2013 पासून त्यांना संपवण्याची मोहीम निघाली. त्यामुळे हिमनदी, हिरवं गवत, रेनडिअर आणि त्याच चौकटीत किंग पेंग्विन असा फोटो पाहिला, तर तो बनावट आहे असं लगेच म्हणू नये.

जमीन मात्र खोटं फारसं बोलत नाही. टुंड्रा म्हणजे कायम गोठलेल्या मातीवर उन्हाळ्यापुरता वितळणारा वरचा थर आणि त्यात उगवलेलं खुरटं जग: टाचेएवढं विलो, कापसासारखे तुरे मिरवणारं गवत, जांभळी-पिवळी फुलं, ऑगस्टनंतर तांबडी पडणारी पानं. हे सगळं उत्तरेचं. अंटार्क्टिकात फुलणाऱ्या देशी वनस्पती फक्त दोन आहेत, एक गवत आणि एक गादीसारखी पसरणारी छोटी वनस्पती, आणि त्याही द्वीपकल्पाच्या कोमट बाजूला. दगडफूल आणि शेवाळ दोन्हीकडे असतं, त्यामुळे दगडावर केशरी डाग दिसले म्हणून काही सिद्ध होत नाही. पण दगडांच्या फटीत एखादं रंगीत फूल दिसलं तर प्रश्न मिटला.

याहून मला आवडणारी खूण म्हणजे लाकूड. स्वालबार्डमध्ये झाड नावाला नाही, पण तिथल्या किनाऱ्यांवर चंदेरी झालेले ओंडके रांगेने पडलेले दिसतात. ते सैबेरियातल्या नद्यांनी समुद्रात लोटलेले. समुद्राच्या बर्फात अडकून, त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं वाहत ते इथे लागतात. अंटार्क्टिकाच्या वाटेवर ना जंगल आहे ना अशी नदी, आणि खंडाभोवती गोल फिरणारा प्रवाह बाहेरून येणारं बरंचसं अडवतो. किनाऱ्यावर ओंडके दिसले की मी पुढे काही बघतच नाही.

पाण्याचा रंगही पाहावा. उत्तरेतल्या हिमनद्या उन्हाळ्यात भरपूर वितळतात आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतात. नी-ऑलेसुंद ज्या कोंग्सफियॉर्डवर आहे, तिथे काही ठिकाणी हिमनदीसमोरचं पाणी चक्क विटकरी दिसतं, कारण बर्फाखाली लाल वालुकाश्म दळला जातो. किटिवेक जमतात तेही बहुधा अशाच गढूळ पाण्यावर, कारण खालून वर येणाऱ्या प्रवाहाबरोबर त्यांचं खाणं पृष्ठभागावर येतं. अंटार्क्टिकातला बर्फ थंड आणि कोरडा. तिथे कड्याखालचं पाणी बहुधा गडद आणि स्वच्छ असतं. द्वीपकल्पाजवळच्या बेटांवर उन्हाळ्यात गढूळ ओढे दिसतात, तेवढा अपवाद.

आता बर्फ. मैलोन्‌मैल पसरलेला, वरून टेबलासारखा सपाट आणि कडा सरळ कापलेल्या, असा हिमनग पाहिला की अंटार्क्टिका म्हणायचं असं सांगतात, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. तिथल्या हिमचादरीच्या कडा समुद्रावर तरंगत जातात आणि तुकड्यातुकड्यांनी तुटतात. उत्तरेतले हिमनग बहुतेक खडबडीत, सुळक्यांचे, कारण ते डोंगरातून उतरून समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्यांच्या तोंडातून कोसळलेले. पण 2010 मध्ये ग्रीनलंडच्या पीटरमन हिमनदीपासून सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरचा सपाट तुकडा सुटला होता. त्याचा जवळून काढलेला फोटो कुणीही अंटार्क्टिकाचा म्हणून खपवला असता. डोंगरांचंही तसंच. स्वालबार्डचे थराथराचे, सपाट माथ्याचे डोंगर ओळखीचे आहेत. पण अंटार्क्टिकाच्या मधोमध जाणाऱ्या पर्वतरांगेतही वालुकाश्माचे आडवे थर तितकेच स्वच्छ दिसतात.

बर्फाची एक खूण त्या मानाने बरी आहे. समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या पठारावर निळी-हिरवी डबकी पसरलेली असतील तर फोटो उत्तरेचा समजावा. उन्हाळ्यात तिथे वरचं हिम वितळून बर्फाच्या पाठीवरच साचतं. दक्षिणेतल्या समुद्रबर्फावर हिमाचा थर जाड असतो आणि खंडावरून येणारा वारा कोरडा व थंड, त्यामुळे अशी डबकी क्वचितच होतात.

एक अवघड फोटो सोडवून पाहू. समोर तळं, भोवती तपकिरी, गोलसर खडकांच्या टेकड्या, मागे पांढरा पट्टा, निरभ्र आकाश, तळ्याकाठी दोन माणसं. पाखरू नाही, प्राणी नाही, तारीख पुसलेली. पहिल्या नजरेला हे स्वालबार्ड किंवा ग्रीनलंड वाटतं, कारण आपल्या मनात अंटार्क्टिका म्हणजे नुसतं पांढरं.

आधी सावली. माणसं कॅमेऱ्याला आडवी उभी आहेत आणि सावली बाजूला, सपाट जागेवर पडली आहे. हे महत्त्वाचं, कारण कॅमेऱ्याकडे येणारी किंवा दूर जाणारी सावली मोजता येत नाही. सावली उंचीच्या सव्वापटीपेक्षा किंचित कमी भरते. म्हणजे सूर्य सुमारे चाळीस अंशांवर आहे. स्वालबार्डला हे अशक्य, तेव्हा ते गळालं. उरले 72-73 अंशांच्या अलीकडचे प्रदेश, दोन्ही गोलार्धांतले.

मग जमीन. फोटो मोठा करून तळ्याचा काठ पाहायचा, कारण काही उगवायचं असेल तर ओलाव्याशी उगवतं. काठाला काळपट शेवाळाची एक रेघ आहे. गवताचं पातं नाही, कापसाचे तुरे नाहीत, विलोची काडीही नाही. ग्रीनलंडमध्ये या अक्षांशावर, उन्हाळ्यात, तळ्याकाठी हे सगळं नसणं जवळपास अशक्य. नंतर पाणी: तळ निवळशंख, कडेला गाळाचा त्रिकोण नाही, गढूळ ओढा येऊन मिळालेला नाही. मागचा पांढरा पट्टा म्हणजे सुळके किंवा हिमोढांच्या काळ्या रेघा नसलेला, हळूहळू वर चढत जाणारा उतार. ग्रीनलंडच्या हिमचादरीची कडाही लांबून अशी दिसू शकते, म्हणून या शेवटच्या मुद्द्याला वजन कमी. पण फुलझाडांच्या अभावाला पाण्याची जोड मिळते, तेव्हा कौल दक्षिणेकडे पडतो.

शिरमाकर ओअ‍ॅसिसचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. सुमारे 35 चौरस किलोमीटरचा उघड्या खडकांचा हा चिंचोळा पट्टा, दक्षिणेला हिमचादर आणि उत्तरेला समुद्रावर तरंगणारा बर्फ. इथेच 70 अंश 46 मिनिटं दक्षिण अक्षांशावर 1989 पासून ‘मैत्री’ तळ आहे आणि तळाशेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी तिथली माणसं वापरतात. जानेवारीच्या मध्यात तिथे दुपारचा सूर्य चाळीस अंशांवर असतो. तरीही एवढ्यावरून फोटोखाली ‘मैत्री’ लिहिणं घाईचं ठरेल. अंटार्क्टिकाच्या कडेला असे आणखीही ओअ‍ॅसिस आहेत. ‘पूर्व अंटार्क्टिकातला बर्फमुक्त प्रदेश असावा’ इथवर पुरावा नेतो. तळाची पायांवर उभी असलेली इमारत चौकटीत आली तरच नाव लिहावं.

आणि काही फोटो सुटतच नाहीत. निळ्या बर्फाची भेग, जवळून घेतलेली. धुक्यातला एकटा हिमनग. ताज्या हिमाने झाकलेला उतार. त्यांत सावली नाही, जमीन नाही, जीव नाही. अशा वेळी अंदाज न बांधता फोटो काढणाऱ्याकडे त्याच दिवशीचा आधीचा आणि नंतरचा फोटो मागावा. माणूस बर्फाचा फोटो काढून झाल्यावर बहुतेक वेळा कॅमेरा सोबत्यांकडे वळवतो, आणि तिथे किनारा, बोट, रायफल किंवा एखादं पाखरू हमखास सापडतं.